कानाने वाचलेला व्हॉट्सॲप

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही सोसायटीच्या जुन्या आठवणींवर बोला." मी म्हटलं, आठवणी सगळ्यांकडे आहेत, त्यावर बोलणारे आज पाचजण आहेत. मी दुसऱ्याच विषयावर बोलतो. आपल्या ग्रुपवर माझे मेसेज येतात, कधी बरोबर येतात, कधी विचित्र येतात. "काकांना दिसत नाही तर हे लिहितात कसं?" असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सौ.ला विचारलंय. मला कोणी विचारलं नाही! म्हणून आज मीच सांगतो.

माझ्या डोळ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तो काही आजचा विषय नाही. पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेचा शिल्लक आहे. म्हणजे मी जिना उतरतो, बाजारात जातो, समोरून माणूस येतोय हे कळतं, पण तो कोण हे तोंड उघडल्याशिवाय कळत नाही. अक्षराकडे पाहिलं की नेमकं अक्षरच नाहीसं होतं. त्यामुळे काही लोकांना वाटतं, काकांना तसं बरं दिसतं, उगाच करतात. असो.

सुरुवातीला मी फोनवरची अक्षरं मोठी करत गेलो. मग आणखी मोठी. शेवटी पडद्यावर एका वेळी तीन शब्द मावायला लागले. ओळ संपून पुढची शोधेपर्यंत आधीचं विसरायला व्हायचं. एक मेसेज वाचायला पाच-सात मिनिटं आणि वर डोकेदुखी. मग मी ते सोडूनच दिलं. मेसेज सौ. वाचून दाखवायची, उत्तरही तीच टाकायची. चाललं होतं.

२०२३ च्या जुलैमध्ये सौ. मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. मी घरी एकटा. पाऊस कसा होता हे आपल्याला खोपोलीकरांना सांगायला नको. २० तारखेला सकाळी फोन टुंग टुंग वाजायला लागला तो थांबेचना. काहीतरी घडलंय एवढं कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. फोन डोळ्याच्या कडेला धरून मी बराच वेळ झगडलो. दूधवाला आला तेव्हा त्याने सांगितलं, रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. आपल्याच खालापूर तालुक्यातली वाडी, इर्शाळगडाच्या अंगावरची. सोसायटीतली माणसं घोंगड्या, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या गोळा करत होती, काय हवं, कुठे आणून द्यायचं हे सगळं ग्रुपवर चाललं होतं, आणि ते सगळं माझ्या हातातल्या फोनमध्ये असून मला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं की हे असं चालायचं नाही.

पण शिकवणार कोण? नातवंडांना विचारलं तर त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोन सेकंदात काहीतरी केलं आणि "झालं आजोबा" म्हणून परत दिला. मला खरं शिकवलं ते लोकलमधल्या एका माणसाने. डोळ्यांच्या तपासणीसाठी मी मुंबईला जायचो. खोपोलीहून कर्जत, कर्जतला गाडी बदलायची. दिव्यांगांच्या डब्यात वांगणीला काही मंडळी चढतात. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं बरीच राहतात आणि त्यातली पुष्कळशी माणसं लोकलमध्ये किचेन, पिना, मोबाईलची कव्हरं असं काहीबाही विकून संसार चालवतात. एप्रिल २०२१ मध्ये मयूर शेळके या पॉइंट्समनने रुळावर पडलेल्या लहान मुलाला गाडीसमोरून उचललं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. ते हेच वांगणी स्टेशन, आणि त्या मुलाची आई दृष्टिहीनच होती.

तर त्या डब्यात एक गृहस्थ कव्हरं विकता विकता फोन कानाला लावून व्हॉट्सॲप ऐकत होते. फोन इतक्या वेगाने बोलत होता की मला वाटलं बिघडलाय. म्हटलं, "हे काय लावलंय?" ते हसले. म्हणाले, "टॉकबॅक. तुमच्या फोनमध्ये पण आहे की! विकत घ्यावा नाही लागत." मी म्हटलं, मला थोडं दिसतं. त्यावर ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "मग तुम्हाला जड जाणार काका. आम्हाला काहीच दिसत नाही म्हणून आम्ही पटकन शिकतो. तुम्ही बघायला जाल आणि चुकाल. शिकताना डोळे मिटून घ्या."

आणि अगदी तसंच झालं. टॉकबॅक चालू केला की फोनची रीत बदलते. एरवी तुम्ही एका जागी बोट लावलं की ती गोष्ट उघडते. टॉकबॅकमध्ये एकदा बोट लावलं की फोन फक्त सांगतो, बोटाखाली काय आहे ते. उघडायचं असेल तर पडद्यावर कुठेही दोनदा टकटक करायचं. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतो, डावीकडे सरकवलं की मागची. यादी वर-खाली करायची तर दोन बोटं लागतात. नियम एवढेच. पण मला अर्धवट दिसत असल्यामुळे मी जुन्या सवयीने हिरव्या ठिपक्यावर बोट मारायचो आणि काहीच घडायचं नाही. वैतागून चारदा मारलं की भलतंच घडायचं. अध्यक्षबाईंना एकदा पहाटे साडेपाचला व्हिडिओ कॉल लागला तो असाच. त्यांनी मोठ्या मनाने तो विषय कधी काढला नाही, म्हणून आज मीच काढतो.

शेवटी मी दुपारी खोलीत डोळे मिटून बसायला लागलो. दहा दिवस, रोज अर्धा तास. फोन मराठीत बोलायचा म्हणजे आवाजाच्या सेटिंगमध्ये मराठी निवडावी लागते, ते जावयाने करून दिलं. आणखी एक गोष्ट त्याने केली, ती फार महत्त्वाची. दोन्ही व्हॉल्यूमची बटणं एकदम काही सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू किंवा बंद होतो, असा शॉर्टकट लावून ठेवला. हा नसेल तर घरात दुसऱ्या कोणी फोन घेतला की त्याला तो वापरताच येत नाही आणि तो म्हणतो, फोन हँग झाला. आयफोनवाल्यांकडे अशीच सोय आहे, तिला व्हॉइसओव्हर म्हणतात, पण माझा हात त्यावर बसलेला नाही, म्हणून मी त्यावर बोलत नाही.

वाचणं जमलं. आता लिहिणं. मराठी कीबोर्डवर एकेक अक्षर, मग काना, मग वेलांटी, प्रत्येक ठिकाणी फोन अक्षर बोलणार, ते ऐकून बोट उचलायचं... 'नमस्कार' लिहिण्यातच चहा गार व्हायचा. म्हणून बोलून लिहायचं. गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये दिली, म्हणजे ती तेव्हापासून आहे, आपण वापरत नव्हतो इतकंच. कीबोर्डच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात माईकचं चिन्ह असतं. ते बोटाने चाचपडून सापडेना, तर सौ.ने तिची एक टिकली फोनच्या कव्हरच्या उजव्या कडेला, बरोबर माईकच्या उंचीवर चिकटवली. बोटाला टिकली लागली की तिथून थोडं आत सरकायचं. टिकली दर महिन्याला बदलावी लागते, बाकी काही खर्च नाही.

आता यात पहिली गंमत अशी की फोन बोलतो आणि फोनच ऐकतो. माईक चालू झाला तरी टॉकबॅकचं शेवटचं वाक्य संपलेलं नसतं. मग फोन स्वतःचंच बोलणं टिपून घेतो. माझ्या सुरुवातीच्या मेसेजमध्ये मध्येच "दोनदा टॅप करा" असं यायचं ते यामुळे. मी कोणाला काही करायला सांगत नव्हतो! उपाय सोपा आहे, एका कानात इयरफोन घालायचा. फोनचं बोलणं कानात राहतं, माईकपर्यंत पोचत नाही. दुसरा कान मोकळा ठेवायचा, दाराची बेल आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला. दुसरं म्हणजे, आपण विचार करायला थांबलो की फोनला वाटतं बोलणं संपलं आणि माईक बंद होतो. पुढचं बोललेलं हवेत जातं. म्हणून वाक्य आधी मनात जुळवायचं आणि मग एका दमात बोलायचं. पुढचं वाक्य पुन्हा माईक दाबून.

खरी अडचण मात्र याच्या पुढची आहे, आणि त्यासाठी मला तो रविवारचा किस्सा सांगावाच लागेल. आपल्या पंपवाल्या भाऊंची परवानगी मी घेतली आहे.

त्या रविवारी टाकीच्या व्हॉल्व्हचं काम होतं. पंपवाले भाऊ आमच्या विंगची लाईन दुपारी बंद करणार होते. आमच्याकडे नेमके बारशाचे पाहुणे, आठ माणसं जेवायला. मी भाऊंना मेसेज बोललो, "आज दुपारी लाईन बंद करू नका, घरी पाहुणे आहेत." पाठवण्याआधी फोनने वाचून दाखवला, मी ऐकला, बरोबर वाटला, पाठवला. थोड्या वेळात उत्तर आलं. फोन म्हणाला, अंगठा. मी निश्चिंत झालो. पहिली पंगत उठली आणि नळ कोरडा. हात धुवायला पाणी नाही, आठ माणसं उष्ट्या हातांनी उभी, सौ. माझ्याकडे बघतेय. ते मात्र मला दिसत नसलं तरी कळत होतं.

मी तणतणत खाली गेलो. भाऊ म्हणाले, "काका, तुम्हीच तर विचारलंत, बंद करू का? मी अंगठा दिला." मी मेसेज पुन्हा ऐकला, हळू वेगात. फोनने लिहिलं होतं, "आज दुपारी लाइन बंद करू का घरी पाहुणे आहेत." 'नका'मधला 'न' गेला होता. एका अक्षरात माझी विनंती उलटी झाली होती. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही, त्यामुळे भाऊंनाही संशय यायला जागा नव्हती. आणि अंगठा तर असा, की तो 'नका'लाही चालतो आणि 'का'लाही चालतो.

मी नंतर यावर बराच विचार केला. डोळस माणूस टाइप करताना चुकतो तेव्हा 'पाणी'चं 'पाबी' होतं. असला शब्द भाषेत नसतोच, म्हणून वाचणाऱ्याला चूक लगेच कळते. बोलून लिहिणारा फोन असला शब्द कधी लिहीत नाही. तो चुकला तरी खराच शब्द लिहितो, आणि तोही आपण बोललो त्याच्यासारखाच ऐकू येणारा. मग तपासायचं कशाने, तर मला पुन्हा कानानेच. ज्या आवाजाच्या सारखेपणामुळे फोन फसला, त्याच सारखेपणामुळे माझा कानही फसतो. शिवाय मला काय लिहायचं होतं ते माझ्या डोक्यात असतंच. कान तेच ऐकतो.

म्हणून आता माझी पद्धत बदलली आहे. ज्या वाक्याचा अर्थ एका 'न'वर टांगलेला आहे, ते वाक्यच मी बोलत नाही. "बंद करू नका" ऐवजी "चालू ठेवा" म्हणतो. "येणार नाही" असं म्हणायचं असेल तर पुढे जोडतो, "घरीच थांबणार आहे." एक गेलं तर दुसरं सांभाळून घेतं. आकड्यांचंही तसंच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात फोनचा गोंधळ होतो, खरं सांगायचं तर माणसांचाही होतो, म्हणून मी "पाच नऊ" असे सुटे आकडे बोलतो. आणि पैशाचा, वेळेचा किंवा औषधाचा मेसेज असेल तर पाठवण्याआधी एकेक शब्द सुटा ऐकतो. टॉकबॅकमध्ये तीन बोटं वर-खाली सरकवली की वाचण्याचं माप बदलता येतं, ओळ, शब्द, अक्षर असं. 'शब्द' ठेवायचं आणि एक बोट खाली ओढत जायचं. ओघात न कळलेली चूक सुट्या शब्दात पकडली जाते. बाकी "जेवलो", "पाऊस आहे" असले मेसेज मी नाही तपासत. त्यात चुकलं तर तुम्ही हसता, तेवढं चालतं.

एक चूक मात्र कानाला चांगली सापडते. आपण बोलतो "काम झालं", फोन कधी कधी वरचा टिंब खातो आणि लिहितो "काम झाल". डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या ती नजरेतून सुटेल, पण टॉकबॅक ते पाय मोडल्यासारखं "झाल्" असं तोडून वाचतो, लगेच कळतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र मला अजिबात ऐकू येत नाहीत. आपल्या निवृत्त शिक्षिका दुसऱ्या मजल्यावरून त्या कळवतात, त्यांचा मी ऋणी आहे. आणि आपल्या भागातली गावं! 'लौजी' म्हटलं की माझा फोन 'लव जी' लिहितो. तिथे मी हार मानली आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, आवाज रेकॉर्ड करून पाठवा की. पाठवतो. मुलीला, बहिणीला पाठवतो. पण पंपवाले भाऊ मोटरच्या आवाजात ते ऐकणार कसे? जावई ऑफिसात मीटिंगमध्ये. आणि चार दिवसांनी "काका काय म्हणाले होते?" म्हणून शोधायला गेलं तर लिहिलेला मेसेज सापडतो, आवाजातला शब्द सापडत नाही. मला लिहायचं असतं ते यासाठी.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो, दोन-तीनच गोष्टी आहेत. आपल्या ग्रुपवर नोटीस यायची ती बोर्डावरच्या कागदाचा फोटो काढून. तुम्हाला नोटीस दिसते. मला फोन सांगतो, "फोटो." सकाळच्या गुलाबाच्या फुलालाही तो "फोटो"च म्हणतो आणि टाकी धुतल्यावर पाणी पिऊ नका या नोटिशीलाही "फोटो"च म्हणतो. एकदा मी त्या पाण्याचा चहा करून प्यालो. पोटाला काही झालं नाही, पण क्लोरीनचा चहा कसा लागतो ते मी सांगू शकतो. हल्ली फोटोतली अक्षरं ओळखून वाचणारी सोय आहे, गूगल लेन्समध्ये मी ती वापरतो. छापील कागद सरळ धरून फोटो काढला असेल तर चांगलं वाचते. हाताने लिहिलेलं, तिरपं, वर ट्यूबलाइटची चकाकी असेल तर काहीतरी तिसरंच वाचते.

पीडीएफचंही दोन प्रकारचं असतं. आपल्या हिशोबाचा अहवाल मागे डीटीपीवाल्याकडून आला, तो मी उघडला तर फोन इंग्रजी अक्षरं आणि कंस आणि टक्क्याची चिन्हं वाचत सुटला. फोन बिघडला नव्हता. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेला असतो. डोळ्याला आकार दिसतो, टॉकबॅक आतलं वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो मराठीच वाचतो. डीटीपीवाल्याला एवढा एकच शब्द सांगायचा, युनिकोड. त्याला कळतं.

आणि तरुण मंडळींना एक विनंती. "Udya pani yenar nahi" असं इंग्रजी अक्षरात मराठी लिहू नका. फोन ते इंग्रजी समजून वाचतो आणि एखादा गोरा साहेब मराठी बोलायला बसल्यासारखं ऐकू येतं. 'पाणी' आहे का 'पॅनी' आहे तेच कळत नाही. हात जोडलेली चित्रं टाका, पण एक टाका. बारा टाकली की फोन मला बारांचा हिशोब देत बसतो आणि तोपर्यंत बस निघून जाते.

सेक्रेटरीसाहेबांनी गेल्या दिवाळीपासून एक पद्धत पाडली आहे. नोटिशीचा फोटो टाकला की त्याखाली दोन ओळी लिहितात, काय, कधी, किती वाजेपर्यंत. ते माझ्यासाठी करतात असं त्यांना वाटतं. पण मागच्या महिन्यात लिफ्ट बंद होती तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी चष्मा न शोधता ती नोटीस वाचली, असं त्यांनीच मला सांगितलं.

आज आपली स्मरणिका प्रकाशित झाली. मला हातात मिळाली, कागद छान गुळगुळीत आहे, शाईचा वास चांगला आहे. माझंही हे भाषण छापायचं म्हणताहेत. मी ते फोनवरच बोलून लिहिलंय आणि निवृत्त बाईंनी त्याची वेलांट्यांची सफाई केली आहे. कमिटीला एवढंच सांगणं आहे की स्मरणिका ग्रुपवर टाकाल तेव्हा युनिकोडमधली फाईल टाका, म्हणजे मलाही बाकीच्यांचे लेख वाचता येतील. पहिल्यांदा मी पंपवाल्या भाऊंनी माझ्याविषयी काय लिहिलंय ते ऐकणार आहे.

मुलं चुळबुळ करायला लागली, त्यांचा नाच आहे पुढे. मी थांबतो.